"शुक्रवारी अकरापर्यंत होकार द्या, नाहीतर टूल उचलतो": भोसरीतल्या नव्या पुरवठादारांसाठी

बुधवारी संध्याकाळी पावणेसहाला परचेसमधून फोन येतो. "शेठ, ब्रॅकेटचा रेट आठ टक्क्यांनी खाली आणायचाय. शुक्रवारी अकरापर्यंत मेलवर होकार पाहिजे. नाही आला तर टूल दुसरीकडे शिफ्ट करायचं ठरलंय. वरून आदेश आहे, माझ्या हातात काही नाही." फोन ठेवेपर्यंत शॉपवरची पोरं हातपाय धुऊन निघालेली असतात. दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे भोसरी एमआयडीसीची सुटी. स्टीलवाला बंद, प्लेटिंगवाला बंद, अकाउंट बघणारे काका घरी. गिऱ्हाइकाचं ऑफिस चाकणला, त्यांची सुटी रविवारची. आपल्या हातात उरतात ते शुक्रवार सकाळचे दोन तास.

मी भोसरीत बावीस वर्षं प्रेस शॉप चालवतोय. असा फोन मला पहिल्यांदा आला तेव्हा गुरुवारी रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही आणि शुक्रवारी साडेनऊलाच होकार पाठवून मी मोकळा झालो. तो पार्ट मी पुढे पावणेदोन वर्षं तोट्यात दिला. टूल शिफ्ट करायची त्यांची काहीच तयारी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. गाड्यांच्या कंपन्यांना किंवा त्यांच्या पुरवठादारांना जे आता नव्याने माल द्यायला लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नंतर असाच फोन एकदा आला तेव्हा मी काय केलं, तेही आकड्यांसकट सांगतो.

फोनवर फक्त लिहून घ्या

फोनवर हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. "परवडणार नाही हो साहेब" हेसुद्धा नको, कारण त्या वाक्यानंतर "मग किती परवडेल?" हा प्रश्न येतोच आणि आपण हिशेब न करता एखादा आकडा बोलून बसतो. फोनवर बोललेला आकडा हा तळ धरला जातो आणि बोलणी तिथून खाली सुरू होतात.

माझ्या टेबलाच्या खणात एक पातळ वही आहे. असा फोन आला की मी ती उघडतो आणि चार गोष्टी विचारून लिहितो. नेमकं काय हवंय, म्हणजे कुठल्या पार्टवर, किती आणि कधीपासून. ही वेळ कुणी ठरवली. त्या वेळेपर्यंत उत्तर गेलं नाही तर नेमकं काय होणार, आणि ते कोण करणार. शेवटचा निर्णय कुणाचा. हे सगळं साध्या आवाजात विचारायचं, उलटतपासणी वाटता कामा नये. "साहेब, मला पार्टनरशी बोलावं लागेल, तर नीट लिहून घेतो" एवढं म्हटलं की कुणाला राग येत नाही.

मग म्हणायचं, "तेवढं मेलवर टाका, म्हणजे माझ्याकडून चूक व्हायला नको." हे वाक्य फार उपयोगी आहे. फोनवर टूल उचलण्याची भाषा सहज होते. तीच मेलवर लिहायची म्हटली की ती वरिष्ठांना दिसणार असते, क्वालिटीला दिसणार असते, उद्या लाइन थांबली तर कुणी लिहिलं होतं हेही दिसणार असतं. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त वेळा मेलमध्ये टूलचा उल्लेखच नसतो, "आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे" एवढंच असतं. फोनवर काय म्हटलं आणि मेलवर काय आलं, यातलं अंतर हीच पहिली माहिती. मेल आलाच नाही तर आपणच दोन ओळींचा पाठवायचा: आज आपण फोनवर असं असं सांगितलंत, माझी समज बरोबर आहे का, कळवावं.

मुदतीच्या मागे काय उभं आहे ते शोधा

परचेसमधल्या माणसाने दिलेली प्रत्येक मुदत खोटी नसते. काही खऱ्या असतात, आणि त्या खोट्या समजून बसलं तर काम हातचं जातं. म्हणून या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

आधी त्याची बाजू समजून घेऊ. परचेसमधल्या प्रत्येकाला वर्षाचं कॉस्ट रिडक्शनचं टार्गेट असतं. शीट मेटलवाल्याने इतके टक्के, रबरवाल्याने इतके टक्के. महिनाअखेरीला किंवा तिमाही संपताना त्याला वरच्यांपुढे तक्ता ठेवायचा असतो. शुक्रवारी अकराची वेळ बहुतेकदा त्याच्या साडेअकराच्या मीटिंगची असते. ती वेळ त्याच्यासाठी खरी आहे, पण ती चुकली म्हणून कंपनीची लाइन थांबत नाही. अशी मुदत अर्धी खरी. त्याला त्या मीटिंगमध्ये दाखवायला काहीतरी हवं असतं आणि ते काहीतरी म्हणजे पूर्ण आठ टक्केच असायला हवं असं नसतं.

आता टूल शिफ्ट करण्याचं बघा. आपल्याकडे एकट्याकडेच चालणारा पार्ट दुसऱ्याकडे न्यायचा तर त्यांना काय काय करावं लागतं? टूल त्यांच्या मालकीचं असलं तरी ते दुसऱ्याच्या प्रेसवर बसलं पाहिजे, म्हणजे शट हाइट आणि टनेज जुळलं पाहिजे. मग ट्रायल, नमुने, प्रत्येक मापाचा रिपोर्ट, प्लेटिंग पुन्हा तपासणं, गाडीवर बसवून बघणं, पीपॅपचे म्हणजे पार्टच्या मंजुरीचे कागद, आणि त्यांच्या गिऱ्हाइकाची मंजुरी लागत असेल तर तीही. माझ्या बघण्यात साध्या ब्रॅकेटलासुद्धा चार ते आठ आठवडे गेलेत. आणि तेवढा काळ लाइन चालू ठेवायची तर आधी आपल्याकडूनच जादा माल करून साठवावा लागतो.

त्यामुळे टूल खरंच जाणार असेल तर त्याचे पाय आधी दिसतात. पुढच्या दोन महिन्यांचं शेड्यूल कारण नसताना तीस-चाळीस टक्क्यांनी वाढतं. कुणीतरी टूलचे फोटो मागतं, शट हाइट विचारतं, किंवा "ऑडिट आहे" म्हणून टूलचं ड्रॉइंग मागवतं. क्वालिटीकडून अचानक कंट्रोल प्लॅनची प्रत मागितली जाते. आणि आपल्याकडे भोसरीत आणखी एक खबर असते, प्लेटिंगवाल्याची. पाच-सहा प्रेस शॉपचा माल एकाच प्लेटिंगवाल्याकडे जातो. त्याला दुसऱ्या कुणी त्याच पार्टचा रेट विचारला असेल तर चहा पिताना तो सांगतोच. यातली दोन-तीन चिन्हं एकत्र दिसली तर मुदत खरी आहे असं समजून वागा. एकही दिसत नसेल आणि उलट शेड्यूल नेहमीसारखंच आलं असेल, तर शुक्रवारी अकराला टूल कुठेही जाणार नाही.

एका ठिकाणी मात्र हा सगळा हिशेब फिरतो. त्याच पार्टचा दुसरा मंजूर पुरवठादार आधीपासून असेल, दोघांकडे आपापलं टूल असेल आणि माल साठ-चाळीस वाटला जात असेल, तर त्यांना काहीच शिफ्ट करावं लागत नाही. सोमवारच्या शेड्यूलमध्ये साठचे वीस केले की झालं, आणि हे एका दिवसात होतं. म्हणून कुठला पार्ट आपल्याकडे एकट्याकडे आहे आणि कुठला वाटलेला, याची यादी फोन यायच्या आधी तयार पाहिजे.

स्वतःचा तळ काढा

मुदत खरी असो वा नसो, ज्या आकड्याखाली जायचं नाही तो काढल्याशिवाय पुढचं एक अक्षर बोलू नका. नंतरच्या त्या फोनमधल्या ब्रॅकेटचा हिशेब इथे मांडतो. रेट होता ४१ रुपये, महिन्याला २०,००० नग.

एका नगाला पत्रा लागत होता ४२० ग्रॅम, त्या वेळी ६४ रुपये किलोने, म्हणजे २६ रुपये ८८ पैसे. त्यातलं १२० ग्रॅम स्क्रॅप ३२ रुपये किलोने विकून ३ रुपये ८४ पैसे परत यायचे. मटेरियल पडलं २३ रुपये ४ पैसे. चार ऑपरेशन, प्रत्येकी १ रुपया ८० पैसे, म्हणजे ७ रुपये २० पैसे. झिंक प्लेटिंग ४ रुपये २० पैसे. खोकी आणि टेम्पो १ रुपया १० पैसे. भाडं, विजेचा स्थिर आकार, रिजेक्शन, बँकेचं व्याज हे सगळं मिळून २ रुपये ४० पैसे. एकूण ३७ रुपये ९४ पैसे, आणि हाती उरायचे ३ रुपये ६ पैसे.

आठ टक्के म्हणजे ३ रुपये २८ पैसे. होकार दिला असता तर रेट झाला असता ३७ रुपये ७२ पैसे, म्हणजे प्रत्येक नगामागे २२ पैसे घरचे. महिन्याला ६१,२०० रुपये मिळण्याऐवजी ४,४०० रुपये घालवायचे.

इथे एक गोष्ट नीट बघा, कारण नव्या माणसाची फसगत इथेच होते. आठ टक्के ऐकायला फार वाटत नाहीत. पण ४१ रुपयांतले २३ रुपये पत्र्याचे, आणि पत्रा बहुतेकदा त्यांनीच ठरवून दिलेल्या मिलचा, त्यांनीच मान्य केलेल्या रेटचा. तो आपण कमी करू शकत नाही. आपल्या हातात राहतात ते उरलेले १७ रुपये ९६ पैसे. ३ रुपये २८ पैसे त्यातूनच काढायचे तर ती कपात अठरा टक्क्यांची होते. आठ टक्के रेटवर मागितले जातात आणि अठरा टक्के आपल्या कामातून जातात. हे वाक्य मी पुढे चाकणच्या मीटिंगमध्ये जसंच्या तसं बोललो आणि समोरच्या वरिष्ठांनी ते वहीत लिहून घेतलं.

हा हिशेब दोन तासांत होत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की पहिल्या पाच-सहा मोठ्या पार्टची कॉस्ट शीट दर तिमाहीला ताजी करून ठेवा. मग गुरुवारची सुटी आडवी आली तरी फरक पडत नाही.

मुदत संपायच्या आधी उत्तर द्या, पण ते तुमचं असू द्या

बरेच जण दबाव टाळायला गप्प बसतात, फोन उचलत नाहीत. असं करू नका. गप्प बसलं की तक्त्यात आपल्या नावापुढे "प्रतिसाद नाही" लागतं आणि वरच्यांचं मत तिथेच बनतं. मुदतीच्या आत उत्तर गेलंच पाहिजे. त्या उत्तरात होकार असायलाच हवा असं मात्र नाही.

गुरुवारी मी शॉपवर एकटा जाऊन बसलो. रॅकवरची वापरलेली पट्टी काढली आणि व्हर्नियरने मोजली. दोन ब्लँकमध्ये सुटणारी जागा सहा मिलिमीटर होती. अडीच मिलिमीटरच्या पत्र्याला तीन पुरतात. टूलमधला स्टॉपर तीन मिलिमीटर सरकवला की पिच ८४ ची ८१ होते आणि नगाचा पत्रा ४२० ग्रॅमचा ४०५ वर येतो. पंधरा ग्रॅमचे ९६ पैसे वाचतात, पण स्क्रॅपही तेवढंच कमी निघतं म्हणून ४८ पैसे जातात. निव्वळ ४८ पैसे राहतात. पार्टच्या मापांना यात धक्का लागत नाही, तरी क्वालिटीला कळवून ट्रायल द्यावी लागते.

दुसरं, आम्ही दर वेळी नवी खोकी वापरत होतो. त्यांनी स्वतःचे परतीचे क्रेट दिले तर नगामागे ४० पैसे वाचत होते. तिसरं, ते रोज थोडा थोडा माल मागत, त्यामुळे त्याच चार टूलची चढ-उतार आठवड्यात तीनदा व्हायची. आठवड्याचा माल दोन खेपांत घेतला तर सेटिंगचे ३५ पैसे वाचत होते. ४८, ४० आणि ३५ मिळून झाले १ रुपया २३ पैसे, म्हणजे ४१ वर बरोबर तीन टक्के. यात माझ्या नफ्यातला एक पैसाही जात नव्हता. पण तिन्हींपैकी दोन गोष्टी त्यांनी केल्याशिवाय होणार नव्हत्या, आणि पहिलीला त्यांची मंजुरी लागणार होती.

शुक्रवारी दहा वाजून वीस मिनिटांनी मेल गेला, त्यांच्या वरिष्ठांना प्रत टाकून. मजकूर साधारण असा होता:

"बुधवारच्या फोनप्रमाणे आठ टक्क्यांची मागणी मिळाली. सध्याच्या खर्चात ती बसत नाही, कॉस्ट शीट सोबत जोडली आहे. आमच्याकडून तीन टक्के देता येतील, त्यासाठी पुढील तीन बदल आपल्या मंजुरीने करावे लागतील. सोमवारी दुपारी पट्टीचा नमुना घेऊन मी प्रत्यक्ष येऊ शकतो. तोपर्यंत पुरवठा नेहमीच्या शेड्यूलप्रमाणे चालू राहील."

यातलं शेवटचं वाक्य कधी गाळू नका. माल अडवायची भाषा आपल्याकडून चुकूनही जायला नको. लाइन थांबली तर त्याचा डेबिट आपल्यावर पडतो आणि रेटचा विषय बाजूला राहून पुरवठादाराने अडवणूक केली हाच विषय होतो. टूल त्यांच्या मालकीचं असेल तर ते देणार नाही असंही म्हणू नका. धमकीला धमकी तेव्हाच द्यावी जेव्हा ती दुसऱ्या दिवशी खरी करून दाखवायची तयारी असते, आणि नव्या माणसाची ती बहुधा नसते.

कॉस्ट शीट जोडावी की नाही, यावर आमच्या ओळखीतल्या लोकांत मतभेद आहेत. मी मटेरियल, ऑपरेशन, प्लेटिंग आणि पॅकिंग दाखवतो. भाडं, व्याज आणि नफा एकाच ओळीत ठेवतो. सगळं उघडं केलं की पुढच्या वर्षी नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवलं जातं.

दुसरा दम पहिल्यापेक्षा मोठा असतो

सव्वाअकराला फोन आला. आवाज चढलेला. "आठ म्हणजे आठ. मी मीटिंगमधून बाहेर येऊन बोलतोय. एक तास देतो, नाहीतर मी टूल मूव्हमेंटवर सही करतो."

आता बघा, अकराची मुदत उलटून गेली होती आणि टूल जागेवरच होतं. मुदत स्वतःहून एका तासाने पुढे सरकली याचा अर्थ ती सरकू शकते. हे मनात नोंदवायचं, तोंडाने मात्र बोलायचं नाही. "अकरा तर वाजून गेले की साहेब" असं म्हणालात तर तुम्ही त्याला त्याच्या लोकांसमोर खोटं पाडता, आणि मग स्वतःचा शब्द राखायला तो खरंच सही करू शकतो. समोरच्याला मागे यायला वाट ठेवली पाहिजे, आणि ती आपण करून द्यावी लागते.

मी एवढंच म्हणालो, "साहेब, तुमची अडचण कळतेय. आजच्या मीटिंगला तुम्ही तीन टक्के पक्के दाखवू शकता, ते मी लेखी दिलेत. बाकीच्याचं सोमवारी समोर बसून बघू." आणि थांबलो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. अशा शांततेत नवा माणूस घाबरून "बरं, चार करतो" म्हणून जातो. मीही पूर्वी केलंय. थांबायचं. शेवटी तो म्हणाला, "सोमवारी तीनला या."

त्या एका तासात काय झालं असतं याची भीती वाटणं साहजिक आहे. मला धीर आला तो चिन्हांमुळे. शेड्यूल नेहमीचं होतं, टूलबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं आणि प्लेटिंगवाल्याकडेही काही खबर नव्हती. हीच चिन्हं उलटी असती तर मी शुक्रवारीच स्वतः चाकण गाठलं असतं, आणि तळ सांभाळून पाच टक्क्यांपर्यंतही गेलो असतो. पाच टक्के म्हणजे २ रुपये ५ पैसे. त्यातले १ रुपया २३ पैसे बदलांतून येत होते आणि ८२ पैसे नफ्यातून गेले असते. नफा ३ रुपये ६ पैशांवरून २ रुपये २४ पैशांवर आला असता. कमी, पण घरचे घालायची वेळ नसती आली. मुदत खरी आणि मागणी तळाच्या वर, असं असेल तेव्हा ताणत बसू नये.

समोरासमोर

सोमवारी मी ती पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. टेबलावर ठेवली आणि दोन ब्लँकमधल्या सहा मिलिमीटरवर मार्करने खूण केली. त्यांच्या डेव्हलपमेंटच्या इंजिनिअरने खिशातून व्हर्नियर काढून स्वतः मोजलं. त्यानंतर खोलीतलं बोलणं बदललं. तोपर्यंत सगळे "आठ की तीन" यावर होते, आता "स्टॉपर कधी हलवता येईल" यावर आले.

निर्णय घेणारा माणूस खोलीत असणं महत्त्वाचं. "वरून आदेश आहे" म्हणणाऱ्याशी कितीही बोललं तरी तो हो म्हणू शकत नाही, कारण ते त्याच्या हातात नाही असं त्यानेच सांगितलेलं असतं. म्हणून मेलमध्ये वरिष्ठांना प्रत आणि भेटीचा प्रस्ताव. पण त्याला वगळून थेट वर जाऊ नका. रोजचा व्यवहार त्याच्याशीच आहे.

मीटिंग संपता संपता, उठायच्या बेतात असताना, एक वाक्य येतं. त्यासाठी सावध असा. त्या दिवशीही आलं: "ठीक आहे, तीन टक्के, १ एप्रिलपासून लागू करून टाकू." जुलै संपत आला होता. चार महिन्यांचे ८०,००० नग गेलेले, म्हणजे ९८,४०० रुपयांचा डेबिट, आणि तोही त्या बदलांवर जे अजून झालेलेच नव्हते. थकलेला माणूस इथे मान हलवतो. मी म्हणालो, "स्टॉपर हलवल्यावर जी पहिली लॉट जाईल तिच्यापासून." ते मान्य झालं. वरिष्ठांनी आणखी एक टक्का मागितला तेव्हा मी तो महिन्याला २८,००० नग सलग तीन महिने गेल्यावर देईन असं सांगितलं, कारण त्या आकड्याला माझ्या प्रेसचे रिकामे तास भरत होते.

कधी रेटऐवजी पेमेंटच्या दिवसांवर असाच दम येतो: "नव्वद दिवस मान्य करा, नाहीतर नवीन पार्ट नाही." तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून असेल तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलं तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. २०२३-२४ पासून तर मुदत उलटूनही वर्षअखेरीपर्यंत न दिलेली अशी रक्कम गिऱ्हाइकाला प्राप्तिकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे त्यांचं अकाउंट खातंच परचेसला आवरतं. कायद्याचं नाव घेऊन भांडायची गरज नाही. उद्यम प्रमाणपत्राची प्रत मेलला जोडून "आपल्या अकाउंटला एकदा दाखवा" म्हटलं की पुरतं.

हे सगळं कुठे कमी पडतं तेही सांगतो. तुमच्या धंद्यातला सत्तर टक्के माल एकाच गिऱ्हाइकाला जात असेल तर तळ कागदावर राहतो. त्याखालीही तुम्ही जाता, कारण पोरांचे पगार थांबवता येत नाहीत. माझ्या पहिल्या फोनच्या वेळी माझं तेच होतं. त्या परिस्थितीत निदान दोन गोष्टी करा: कमी केलेल्या रेटला शेवटची तारीख घाला, सहा महिने म्हणा, आणि ती पीओच्या अमेंडमेंटमध्ये छापून घ्या. त्या सहा महिन्यांत दुसरं गिऱ्हाईक शोधायला लागा.

घरी यायच्या आधी कागद

मीटिंगमधून निघालो की मी तळवड्याच्या चौकात गाडी बाजूला घेतो आणि फोनवरूनच मेल टाकतो. काय ठरलं, कुठल्या बदलांवर, कुठल्या लॉटपासून, आणि काय ठरलेलं नाही. त्या रात्री जो लिहितो त्याचंच खरं धरलं जातं. नंतर पीओचं अमेंडमेंट आलं की तीन जागा तपासायच्या: रेट, लागू होण्याची तारीख आणि शेरा. आमच्या अमेंडमेंटमध्ये २८,००० ची अट आलीच नव्हती, रेट तेवढा बरोबर होता. मी ते परत पाठवलं आणि अट घालून आल्यावरच सही केली. त्यात आठ दिवस गेले.

पुढच्या फेब्रुवारीत परचेसला नवा माणूस आला. त्याने एके बुधवारी संध्याकाळी फोन केला: "तुमचा एक टक्का बाकी दिसतोय, शुक्रवारपर्यंत डेबिट नोट स्वीकारा." मी वही काढली, चार गोष्टी लिहून घेतल्या आणि मेलवर टाकायला सांगितलं. शुक्रवारी सकाळी मागच्या तीन महिन्यांचे शेड्यूल आणि अमेंडमेंटची प्रत पाठवली. एकाही महिन्यात २१,००० च्या वर माल गेलेला नव्हता.